रिव्ह्यूअर आठ दिवस गप्प, पीआर अडकलाय. मॅनेजरला काय लिहू?

अर्धविराम (गुरुवार, रात्री ९.०५)

मंडळी, एक मेसेज लिहून ठेवलाय, पण पाठवायला हात धजत नाहीये. वाचून सांगा.

प्रकरण असं. आमची सिस्टीम ज्या पेमेंट पार्टनरमार्फत ग्राहकांच्या कार्डावरून पैसे घेते, त्यांचं जुनं एपीआय व्हर्जन २० तारखेला, म्हणजे पुढच्या शुक्रवारी बंद होतंय. नव्या व्हर्जनवर जाण्याचा पीआर मी ३ तारखेला उघडला. ११ फाइली, साधारण ३४० ओळी. बिलिंगचा अख्खा फोल्डर दुसऱ्या टीममधल्या एका सीनियरच्या नावावर आहे, त्याला इथे क्ष म्हणतो. क्षने ४ तारखेला रिव्ह्यू केला, तीन कमेंट टाकल्या आणि `Changes requested` करून गेला. मी ५ला दोन कमिट टाकून तिन्ही कमेंटना उत्तरं दिली. ६ला पीआरवर त्याला टॅग केलं. ९ला आणि ११ला चॅटवर विचारलं. एकाचंही उत्तर नाही. चॅटवर त्याचा हिरवा ठिपका मात्र दिवसभर दिसतो, त्याने डोकं जास्त फिरतं.

मॅनेजरला जाणारा मेसेज हा. ऑफिसात इंग्रजीत जाईल, इथे मराठीत टाकतोय:

> नमस्कार, बिलिंगचा पीआर ३ तारखेपासून अडकून पडला आहे. वारंवार विनंती करूनही क्षकडून कोणताही प्रतिसाद मिळत नाही. त्याने सांगितलेले सर्व बदल मी तातडीने केले आहेत. यापूर्वीही त्यांच्या टीमकडून असाच अनुभव आला आहे. २० तारखेची मुदत हुकल्यास त्याची जबाबदारी माझ्यावर येऊ नये म्हणून कळवत आहे. कृपया लक्ष घालावे.

---

खडूस_मांजर (९.२०)

हा मेसेज नाही, तक्रारवहीतली नोंद आहे.

मी तुझी मॅनेजर आहे असं समज. वाचून मी काय करायचं? "लक्ष घालावे" म्हणजे नक्की काय? क्षला झापायचं? त्याच्या मॅनेजरला फोन करायचा? पीआर दुसऱ्याकडे द्यायचा? तुला काय हवंय ते तूच लिहिलेलं नाहीस. तुला स्वतःला काय वाचवायचंय ते मात्र स्वच्छ लिहिलंयस. जबाबदारीचं वाक्य आधी काढ. ते वाचलं की माणूस पुढचं तुझ्या बाजूने वाचत नाही.

"वारंवार" काढ आणि तिथे तारखा घाल. "यापूर्वीही त्यांच्या टीमकडून" हे तर पूर्ण उडव. त्या वाक्याने एका पीआरचं भांडण दोन टीमचं होतं, आणि तुझी मॅनेजर पीआर सोडून तेच निस्तरत बसेल.

---

शून्य_प्रहर (९.३१)

मेसेजबिसेज कशाला? क्षच्या रिव्ह्यूवर तीन टिंबांच्या मेनूत `Dismiss review` असतं. राइट परवानगी असलेल्या कोणालाही ते करता येतं. डिसमिस कर, आपल्या टीममधल्या कोणाकडून अप्रूव्ह घे, मर्ज कर. आम्ही दर महिन्याला करतो. मॅनेजरला मधे घातलं की विषय वाढतो.

---

जुना_खिळा (९.५८)

शून्य प्रहर, अर्धं बरोबर आहे. डिसमिस बहुतेक ठिकाणी चालतं, अॅडमिनने ते ठरावीक लोकांपुरतं मर्यादित केलं नसेल तर. पण अर्धविरामकडे दाराला दोन कुलपं आहेत असं दिसतंय. एक कुलूप म्हणजे क्षने मागितलेले बदल. तो रिव्ह्यू क्षने स्वतः अप्रूव्ह करेपर्यंत किंवा कोणी डिसमिस करेपर्यंत अडवतो. नवे कमिट टाकल्याने तो निघत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. दुसरं कुलूप कोड ओनरच्या मंजुरीचं. ब्रँचच्या नियमांत ते चालू असेल तर क्षचा रिव्ह्यू डिसमिस केल्यावरही बिलिंगच्या ओनरचीच मंजुरी लागते. टीममधल्या चार जणांनी अप्रूव्ह केलं तरी मर्जचं बटण राखाडीच राहणार.

अर्धविराम, दोन गोष्टी इथे टाका. `CODEOWNERS` मधल्या तुमच्या ओळी, नावं बदलून. आणि याचा निकाल:

```
gh pr view 482 --json reviewDecision,reviewRequests,latestReviews
```

पीआर नंबर मी मनाचा घातलाय, तुमचा घाला.

---

टेस्टवाली (१०.०४)

आमच्याकडे डिट्टो हेच! बिल्ड तयार असतो, आम्ही टेस्टिंग संपवून दोन दिवस बसलेलो असतो आणि साइन-ऑफ देणारा माणूस गायब. गेल्या रिलीजला तर त्याने शेवटी "मी मेल बघितलाच नाही" म्हणून सांगितलं. अर्धविराम, तुमच्या क्यूएने आधीच हिरवा कंदील दिला असेल तर तो पुरावा म्हणून जोडा ना. मग कोणाला अडवता येणार नाही.

---

खडूस_मांजर (१०.०९)

ताई, तुमचा साइन-ऑफ आणि हा रिव्ह्यू वेगळे. इथे कोड अजून मुख्य ब्रँचमध्येच गेलेला नाही, तुमच्यापर्यंत कुठून येणार. पण "मेल बघितलाच नाही" हे लक्षात ठेवा, मला वाटतं तेच इथेही निघणार.

---

अर्धविराम (१०.२६)

खिळाकाका, नंबर योगायोगाने जवळजवळ बरोबर निघाला, ४८७ आहे. `CODEOWNERS` मधल्या कामाच्या ओळी दोनच:

```
*            @org/backend
/billing/    @ksha
```

आणि कमांडचा निकाल, लांबलचक भाग कापून:

```
"reviewDecision": "CHANGES_REQUESTED",
"reviewRequests": []
```

हे `reviewRequests` रिकामं का? मी तर पीआर उघडला तेव्हा क्षचं नाव आपोआप आलं होतं.

---

जुना_खिळा (१०.४१)

आलं होतं, आणि ४ तारखेला गेलं. रिव्ह्यू सबमिट झाला की ती विनंती पुरी झाली असं गिटहब धरतं आणि त्या माणसाचं नाव मागणीच्या यादीतून निघतं. तुम्ही बदल केलेत, उत्तरं दिलीत, टॅगही केलंत, पण पुन्हा रिव्ह्यू मागितला नाहीत. उजवीकडे Reviewers खाली क्षच्या नावाशेजारी गोल फिरलेल्या बाणांचं छोटं चिन्ह आहे, ते `Re-request review`. ते दाबल्याशिवाय क्षला `is:open is:pr review-requested:@me` या यादीत तुमचा पीआर दिसणारच नाही. ज्यांच्याकडे रोज दहा-पंधरा पीआर येतात ते याच यादीवरून काम करतात. टॅगचं नोटिफिकेशन गेलं असेल, पण ते बाकीच्या शंभरात.

म्हणजे ५ तारखेपासून क्षच्या लेखी चेंडू तुमच्याकडे आणि तुमच्या लेखी त्याच्याकडे.

तुमचा पहिला मेसेज असाच गेला असता, आणि क्षच्या मॅनेजरने हा रिकामा कंस उघडून दाखवला असता, तर पुढचे सहा महिने तुमच्या कोणत्याच एस्कलेशनला वजन राहिलं नसतं.

---

पलीकडची_बाजू (१०.५५)

मी आमच्याकडची क्ष आहे, म्हणून लिहिते. एका फोल्डरची एकटी ओनर, तीन टीमचे पीआर. सकाळी ती यादी उघडते, वरून खाली जाते. यादीत नसलेलं माझ्यासाठी नसतंच. चॅटवर "प्लीज पीआर बघशील का" असे दिवसाला पाच येतात. त्यात पीआरची लिंक नसते, किती मोठा आहे ते नसतं, कधीपर्यंत हवंय ते नसतं. वाचते, नंतर बघू म्हणते, आणि ते वर सरकून जातं. हिरव्या ठिपक्याचं म्हणाल तर लॅपटॉप उघडा असला की तो दिसतो, मी त्या वेळी दुसऱ्याच आगीवर पाणी ओतत असते.

याचा अर्थ क्ष बरोबर आहे असं नाही. दोनदा विचारल्यावर "सोमवारी बघतो" इतकं तरी लिहायला हवं होतं. पण अर्धविराम, तुमच्या ९ आणि ११च्या मेसेजात तारीख होती का?

---

अर्धविराम (११.०२)

९ चा: "हाय, बिलिंगच्या पीआरवर एक नजर टाकशील का?"
११ चा: "हाय, रिमाइंडर :)"

आता वाचताना लाज वाटतेय. बटण आत्ता दाबलं. चॅटवर लिंकसकट, तारखेसकट नवा मेसेजही टाकला.

मग आता मॅनेजरला लिहू की थांबू?

---

खडूस_मांजर (११.१०)

त्याआधी एक. क्षच्या तीन कमेंट काय होत्या? आणि तू त्या सोडवल्यास की नुसतं `Resolve conversation` दाबलंस? मॅनेजरला "सर्व बदल केले" असं लिहिणार असशील तर ते खरं असलं पाहिजे.

---

अर्धविराम (११.२४)

एक, रक्कम दशांशात न ठेवता सर्वांत लहान एककात पूर्णांक म्हणून पाठव. केलं. दोन, एका एररचा मजकूर लॉगमध्ये कार्डाच्या माहितीसकट जातोय, तो झाक. केलं. तीन, टाइमआउट झाल्यावर पुन्हा प्रयत्न केला तर ग्राहकाचे दोनदा पैसे जाणार नाहीत ना? नव्या व्हर्जनमध्ये रिक्वेस्टसोबत `Idempotency-Key` पाठवायची असते, तीच की दोनदा आली तर पार्टनर दुसऱ्यांदा पैसे कापत नाही, आधीचंच उत्तर परत देतो. मी एचटीटीपीच्या रिट्रायमध्ये तीच की पुन्हा जाते असं उत्तर लिहिलं, टेस्टही जोडली.

---

खडूस_मांजर (११.२८)

बरं. तिसरी महत्त्वाची आहे. बाकी दोन कोणीही बघेल, तिसरीसाठी बिलिंग कळणारा माणूस लागतो. मेसेजात हे यायला हवं, नाहीतर मॅनेजर म्हणेल "कोणाकडूनही अप्रूव्ह घे".

---

जुना_खिळा (११.४०)

थांबायचं की नाही ते तारखेवर ठरेल. २० हा पार्टनरचा दिवस झाला. तुमचा दिवस कोणता? कोड मर्ज झाला म्हणजे लोकांपर्यंत गेला असं नाही. रिलीज कधी असतो, त्याची ब्रँच कधी गोठते?

---

अर्धविराम (११.५१)

अरे देवा. रिलीज दर मंगळवारी. ब्रँच आदल्या दिवशी दुपारी १२ला गोठते. म्हणजे १७च्या रिलीजसाठी सोमवार १६, दुपारी १२. त्यानंतरचा रिलीज २४ला, तोवर जुनं व्हर्जन बंद झालेलं.

---

जुना_खिळा (शुक्रवार, ००.०३)

मग थांबायला जागा नाही. तुमच्या हातात कामाचा एक दिवस आणि सोमवारची सकाळ आहे. २० लिहिलं असतं तर मॅनेजरला वाटलं असतं आठवडा आहे, आणि तिने सोमवारच्या मीटिंगमध्ये विषय काढला असता. सकाळी क्षचं उत्तर नसेल तर साडेदहाच्या आत पाठवा.

मेसेजात पहिलं वाक्य तारखेचं, आणि ती हुकली तर नक्की काय बंद पडेल ते. मग अडलंय कशावर. मग तुमची चूक, एका वाक्यात, रडगाणं न गाता. ती तुम्ही सांगितली नाहीत तर दुसरं कोणी सांगेल. शेवटी एकच मागणी, जिचं उत्तर तिला दोन मिनिटांत देता येईल. क्ष तुमच्या मॅनेजरच्या हाताखाली नाही, त्यामुळे ती फार तर त्याच्या मॅनेजरला विचारू शकते. तेच मागा.

आणि पर्याय सोबत तयार ठेवा. दुसरा माणूस मिळाला तरी तो `CODEOWNERS` मध्ये नसेल तर त्याची मंजुरी धरली जाणार नाही. तुमच्या फाइलीत खालची जुळणारी ओळ वरचीला झाकते, म्हणून `/billing/` ला बॅकएंड टीमचा काहीच हक्क नाही, एकटा क्ष. तिथे दुसरं नाव जोडलं की दोघांपैकी कोणा एकाची मंजुरी पुरते. पण हा बदल ४८७ मध्येच घुसवू नका. नियम मुख्य ब्रँचवरच्या फाइलीतून वाचले जातात, पीआरमधल्या नाही. वेगळा पीआर करा. ती फाइल `.github` मध्ये असेल तर तिला वरची `*` ची ओळ लागू होते, म्हणजे तुमचीच टीम मंजूर करू शकते.

---

शून्य_प्रहर (००.१५)

म्हणजे शेवटी माझ्यासारखंच की! टीममधल्या टीममध्ये `CODEOWNERS` बदलायचं, स्वतःला ओनर करायचं, काम झालं.

---

जुना_खिळा (००.२१)

स्वतःला ओनर करून उपयोग नाही, स्वतःचा पीआर स्वतःला अप्रूव्ह करता येत नाही. आणि टीममधल्या मित्राला गुपचूप ओनर केलंत तर तांत्रिकदृष्ट्या चालेल, सोमवारी क्षला कळेल, आणि मग मांजर म्हणतेय ते दोन टीमचं भांडण सुरू होईल. दोन्ही मॅनेजरनी नाव ठरवल्यावरच ती ओळ बदला.

---

अर्धविराम (सकाळी ९.४८)

क्षकडून काही नाही. हा नवा मसुदा:

> पीआर ४८७ (बिलिंग, पार्टनरचं नवं व्हर्जन) सोमवार १६ तारखेला दुपारी १२ च्या आत मर्ज व्हायला हवा. हुकला तर तो १७च्या रिलीजमध्ये जात नाही. पुढचा रिलीज २४ला आहे आणि पार्टनर जुनं व्हर्जन २०ला बंद करतोय, म्हणजे मधले दिवस कार्डाने पैसे घेणं थांबेल.
>
> अडलंय एका मंजुरीवर. `/billing/` ला क्ष एकटा ओनर आहे. त्याने ४ला तीन बदल मागितले, मी ते ५ला केले. पुन्हा रिव्ह्यू मागायचं बटण मात्र मी काल रात्रीपर्यंत दाबलं नव्हतं, त्यामुळे पीआर त्याच्या यादीत दिसत नव्हता. ती चूक माझी. ९, ११ आणि काल रात्री चॅटवर विचारलं, उत्तर आलेलं नाही. तो दुसऱ्या कामात अडकला आहे का, मला माहीत नाही.
>
> तुमच्याकडून एक हवं आहे. आज दुपारी ४ पर्यंत त्याच्या मॅनेजरकडून कळावं, की क्ष सोमवारी सकाळपर्यंत बघेल की बिलिंग समजणारं दुसरं कोणी. दुसरं कोणी असेल तर त्या व्यक्तीला ओनर म्हणून जोडायचा एका ओळीचा पीआर मी तयार ठेवला आहे. नीट बघायला लागेल तो भाग `charge.py` मधला रिट्राय, बाकी सरळ आहे. साधारण पाऊण तासाचं काम.
>
> तुम्हाला लिहितोय हे क्षला कळवलं आहे.

---

खडूस_मांजर (९.५५)

हा पाठव. "तो अडकला आहे का, मला माहीत नाही" हे छान आहे, दार उघडं राहतं. क्षला कॉपीत घे, म्हणजे पाठीमागे बोललास असं होणार नाही.

---

पलीकडची_बाजू (१०.०१)

कॉपीत घेऊ नका. माझ्याबाबतीत एकदा तसं झालंय. स्वतःच्या चुकीची यादी दोन मॅनेजरसमोर वाचताना माणूस पीआर उघडत नाही, उत्तर लिहायला घेतो. क्षला वेगळं कळवा, "बारा वाजताची मुदत आहे म्हणून विचारतोय, तुला जमणार नसेल तर नुसतं नाही म्हण, मी दुसरं बघतो". नाही म्हणायची सोय दिली की उत्तर लवकर येतं.

---

खडूस_मांजर (१०.०४)

आणि मला वेगळं कळवून नंतर फिरवून सांगितलेलं जास्त झोंबतं. असो, माणूस तसा नियम.

---

अर्धविराम (१०.१२)

कॉपीत नाही घेतलं. क्षला वेगळं लिहिलं, मॅनेजरला पाठवला. पोटात गोळा आलाय.

---

अर्धविराम (शुक्रवार, संध्याकाळी ६.३०)

मॅनेजरचं उत्तर अकरा मिनिटांत. "बघते." इतकंच. दुपारी अडीचला कळलं, क्ष ९ तारखेपासून एका इन्सिडंटवर बसवलेला आहे, त्याच्या मॅनेजरने बाकी सगळं बाजूला ठेवायला सांगितलंय. आमच्या टीमला ते कोणी कळवलंच नव्हतं. त्यांच्याकडच्या दुसऱ्या एकीचं नाव दिलं, तिला इथे य म्हणतो. ओनरचा पीआर आमच्या टीमने पाच मिनिटांत मंजूर केला. ओळ आता अशी आहे:

```
/billing/    @ksha @ya
```

यला ४८७ वर रिव्ह्यूअर म्हणून मी हाताने जोडलं. ती आत्ता बघतेय.

---

अर्धविराम (सोमवार, दुपारी १२.४०)

मर्ज झाला, ११.३४ला. पण मधे जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

यने शुक्रवारी रात्रीच कमेंट टाकली. क्षचा तिसरा मुद्दा मी सोडवलाच नव्हता. माझा कोड असा होता:

```python
def charge(order):
    key = str(uuid4())
    return post_with_retry("/v2/charges", order, key)
```

`post_with_retry` आतल्या आत तीनदा प्रयत्न करतं, तेव्हा की तीच राहते. माझी टेस्ट तेवढंच तपासत होती आणि हिरवी होती. पण रात्रीचा जॉब फसलेल्या ऑर्डर उचलून अख्खं `charge()` पुन्हा चालवतो. तिथे नवी की बनते. पार्टनरच्या दृष्टीने ती नवी मागणी. पैसे कापले गेले पण उत्तर यायच्या आत टाइमआउट झाला, अशी ऑर्डर रात्री पुन्हा कापली गेली असती. आता की ऑर्डरसोबत एकदाच बनवून डेटाबेसात ठेवतो आणि `order.charge_key` वाचतो. टेस्टमध्ये `charge()` दोनदा बोलावून की एकच आहे का ते बघतो.

यने सकाळी १०.४० ला अप्रूव्ह केलं. मी एका कॉमेंटमधली शुद्धलेखनाची चूक दिसली म्हणून एक कमिट टाकला आणि मंजुरी उडाली! आमच्याकडे नव्या कमिटवर जुन्या मंजुऱ्या काढण्याची सेटिंग चालू आहे. य एका मीटिंगमध्ये होती. ११.३० ला बाहेर आली. त्या चाळीस मिनिटांचं काय सांगू.

---

खडूस_मांजर (१२.४८)

"त्याने सांगितलेले सर्व बदल मी तातडीने केले आहेत." गुरुवारचा मसुदा, तिसरं वाक्य.

---

अर्धविराम (१२.५०)

वाचलं. नव्यातही "मी ते ५ला केले" तसंच राहिलं होतं. मॅनेजरला आज दुरुस्ती कळवली.

---

पलीकडची_बाजू (१.०५)

क्षचा `Changes requested` कोणी काढला?

---

अर्धविराम (१.१२)

यने डिसमिस केला. कारणाच्या चौकटीत तिन्ही मुद्दे आणि कोणत्या कमिटमध्ये कोणता सुटला ते लिहिलं. मी करू का विचारलं होतं, तर म्हणाली तू लेखक आहेस, तू नको.

---

पलीकडची_बाजू (१.२०)

य शहाणी आहे. तरी मला ते खटकतंच. मुद्दा क्षचा होता, आणि बरोबर होता. इन्सिडंटवर असला तरी "दोनदा पैसे" या एका प्रश्नावर त्याला दोन मिनिटं विचारता आलं असतं.

---

जुना_खिळा (१.३३)

इन्सिडंटवर असलेल्या माणसाला मी काहीही विचारणार नाही. यावर आपलं जमायचं नाही. अर्धविराम, य कायमची ओनर राहणार की ही तात्पुरती सोय?

---

अर्धविराम (१.४१)

ठरलं नाही. क्षच्या मॅनेजरला वाटतं व्यक्तींऐवजी एक छोटी टीम ओनर असावी. क्षला बिलिंगमध्ये सगळ्यांचे हात नकोत. मी टीमच्या ओळीचा पीआर उघडून ठेवलाय, तो इन्सिडंटमधून सुटला की बोलायचं ठरलंय.

---

टेस्टवाली (१.५०)

रात्रीच्या जॉबची केस आमच्या टेस्ट यादीतही नाही, आत्ता बघितलं. जोडते. फसलेली ऑर्डर मुद्दाम कशी तयार केलीत ते सांगाल का?

---

अर्धविराम (२.१५)

पार्टनरच्या जागी खोटा सर्व्हर ठेवला. तो रिक्वेस्ट घेतो, पैसे कापल्याची नोंद करतो आणि मग उत्तर न देता कनेक्शन लोंबकळत ठेवतो. आपला टाइमआउट झाला की ऑर्डर फसलेल्यांत जाते. मग जॉब हाताने चालवायचा आणि खोट्या सर्व्हरकडच्या नोंदी मोजायच्या. एकच असायला हवी. माझ्या जुन्या कोडला दोन यायच्या.